सहावा गठ्ठा

परवा पुतण्या जेवायला आला होता. बोलता बोलता मी म्हटलं, ऑफिसच्या जुन्या ईमेल साफ करायला घेतल्यात. तर घास तसाच हातात धरून म्हणाला, "काकू, डिलीट कशाला करतेस? जागा केवढी स्वस्त झालीये! राहू दे सगळं. लागलं की सर्च मारायचं."

आमचे सीए म्हणतात, "मॅडम, सगळं ठेवा. आठ वर्षं काहीच काढू नका."

आणि आमच्याकडे कंप्युटरचं बघायला येणारा मुलगा म्हणतो, नव्वद दिवसांनी जुनी ईमेल आपोआप उडेल असं सेटिंग करून देतो, कटकटच नको.

तिघंही माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण या बाबतीत तिघांचंही चुकतंय असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आज ते सविस्तर मांडणार आहे. (पुतण्या हे वाचतो. वाच बाळा, नीट वाच. :-) )

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठे पद्धत' असते, ती ज्यांच्या घरी कोणी सरकारी नोकरीत होतं त्यांना माहीत असेल. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जायलाच हवा. चालू प्रकरणं, कोणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी, ठरावीक वेळी पाठवायची विवरणपत्रं, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. शिवाय प्रत्येक फाइलला अ, ब, क, ड असा वर्ग. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, असं करत ड म्हणजे एक वर्ष. सरकारी कचेऱ्यांना आपण नावं ठेवतो, आणि ठेवण्यासारखं असतंही बरंच. पण हा कागद कधी फाडायचा ते कागद हातात असतानाच ठरवायचं, ही अक्कल त्या पद्धतीत आहे. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपात दहा वर्षं ईमेल वापरूनही ती नव्हती. त्यामुळे काय झालं ते सांगते.

आमचं फिक्स्चर बनवण्याचं काम आहे. मशीनवर पार्ट पकडून ठेवायला जे लागतं ते फिक्स्चर. धंदा भाऊजींचा आणि ह्यांचा, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, आणि ऑफिस माझ्याकडे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चाकणच्या एका गिऱ्हाइकाची सहा फिक्स्चरची ऑर्डर आली. आठ लाख चाळीस हजार, अधिक जीएसटी. आमच्या नोंदीत काम नंबर २११७. काम अर्ध्यावर असताना त्यांच्या इंजिनियरने ड्रॉइंग बदललं. रिव्हिजन बी चं सी झालं. क्लॅम्प बदलले, प्लेट जाड झाली, खर्च एक लाख बारा हजारांनी वाढला. "काम चालू ठेवा, फरकाची सुधारित पीओ पाठवतो," असं त्यांनी ईमेलवर लिहिलं. १२ नोव्हेंबरला माल गेला. उधारी तीस दिवसांची. आठ चाळीस आले. एक बारा राहिले, कारण ती सुधारित पीओ काही आलीच नाही.

आपल्याकडे होतं तसंच झालं. गिऱ्हाईक मोठं, पुढची कामं मिळत होती, म्हणून कोणी ताणलं नाही. २०२३ मध्ये हे सगळं बघणारा आमचा मुलगा नोकरी सोडून गेला. महिन्याचे पैसे वाचावेत म्हणून आम्ही त्याचं गूगल वर्कस्पेसवरचं ईमेल खातं बंद केलं. काढून टाकलेलं खातं वीस दिवसांत परत आणता येतं, त्यानंतर नाही. आम्हाला ते वीस दिवस कळलेसुद्धा नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये त्या गिऱ्हाइकाची नवी कामं थांबली, तेव्हा भाऊजींना एक बाराची आठवण झाली. ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशाला तीन वर्षं. उधारी संपली डिसेंबर २०२१ ला, म्हणजे साध्या हिशोबाने तुमची मुदत मागच्याच महिन्यात गेली. मात्र त्या तीन वर्षांच्या आत त्यांनी देणं लेखी कबूल केलं असेल, तर त्या कबुलीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. कलम १८. ईमेलमधली कबुलीही यात धरता येते, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. "आहे का अशी ईमेल?"

भाऊजी म्हणाले, कसली ईमेल! त्या पोरानेच तोंडी काहीतरी बोलून घोळ घातला असणार. मीही गप्प बसले. मलाही मनातून तसंच वाटत होतं, हे इथे कबूल करते.

मग मी सर्च मारायला बसले. चार संध्याकाळी. माझ्या खात्यात 1,12,000 शोधलं, 112000 शोधलं, amendment शोधलं, Rev C शोधलं, पीओचा नंबर शोधला. amendment ला ढीगभर ईमेल आल्या, सगळ्या दुसऱ्याच कामांच्या. कबुली कुठेच नाही.

पाचव्या दिवशी लाज सोडून त्या मुलालाच फोन केला. तो म्हणाला, "ताई, पाडव्याच्या सुमारास त्यांनी लिहून दिलं होतं की. तुम्हालाही सीसी होती."

मग शब्द सोडले आणि तारीख धरली. गिऱ्हाइकाच्या पत्त्यावरून दोन महिन्यांत आलेलं सगळं एका यादीत घेतलं:

```
from:chakan-customer.example after:2022/03/01 before:2022/05/01
```

(पत्ता अर्थातच बदललाय.) एकतीस ईमेल आल्या. एकेक उघडली. २९ मार्च २०२२ ची ईमेल सापडली, आणि तिचा विषय होता "Re: Re: Holiday Notice - Gudhi Padwa". आम्ही सुट्टीची सूचना पाठवली होती. तिला उत्तर देतानाच त्यांच्या परचेसच्या माणसाने सुट्टीची नोंद घेतली असं लिहून खाली एक ओळ टाकली होती: फिक्स्चरच्या कामाचे 1.12 L देणे आहे, सुधारित पीओ झाली की सोडतो. खाली नाव, हुद्दा, फोन.

तीन वर्षं ती ईमेल माझ्याच खात्यात होती. मी 1,12,000 शोधत होते, त्याने 1.12 L लिहिलं होतं. मी amendment शोधत होते, त्याने घाईत amd लिहिलं होतं. कामाचा नंबर नव्हता, पीओचा नव्हता, ड्रॉइंगचा नव्हता.

तर पुतण्या, तुझ्या 'सर्च मारायचं' चं उत्तर हे असं आहे. समोरच्याने कोणता शब्द लिहिला होता हे आधीच माहीत असेल, तरच सर्च सापडवतो. आपल्याकडे तर विचारूच नका. एकच माणूस एका ईमेलमध्ये pathavla लिहितो, दुसऱ्यात pathavle आणि तिसऱ्यात dispatched. जागा स्वस्त आहे हे खरं. पण माझ्या चार संध्याकाळी स्वस्त नव्हत्या, आणि अजून दोन महिने उशीर झाला असता तर ती नवी मुदतही संपली असती.

कंप्युटरवाल्याच्या नव्वद दिवसांबद्दल तर बोलायलाच नको. ती ईमेल जून २०२२ मध्येच उडाली असती. एखाद्याने बारकाईने नियम केला असता, की सुट्टीच्या सूचना महिन्याने काढाव्यात, तरी उडाली असती. माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. एकेक ईमेल बघून 'ही महत्त्वाची का' असं ठरवायला गेलं तर ते जमत नाही. विषयाच्या ओळीवरून ठरवलं तर फसतो. ठरवायचं ते पत्रव्यवहार कोणाशी आहे आणि त्याचा हिशोब कोण, कधीपर्यंत मागू शकतो यावरून. आणि एकदाच, सगळ्यांसाठी, लेखी.

आता आमचे गठ्ठे तीनच आहेत. सहा करायची आमची ऐपत नाही. :-)

पहिला गठ्ठा गिऱ्हाइकं, पुरवठादार, बाहेरून काम करून देणारे, बँक आणि सरकारी खाती यांच्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार. सगळा म्हणजे सुट्टीच्या सूचनेसकट. हा आठ वर्षं. सीए म्हणतात ते आठ इथे बरोबर आहे, फक्त ते नीट मोजायला हवं. काम २११७ हे २०२१-२२ सालचं. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं, त्या सालच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. ती तारीख ३१ डिसेंबर २०२२, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. कंपनी कायदा २०१३, कलम १२८ म्हणतं मागची आठ आर्थिक वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत. दोन्हींत लांबची तारीख घ्यायची. कायदा हिशोबाची पुस्तकं आणि व्हाउचर म्हणतो, ईमेल म्हणत नाही, हे खरं. पण वाढीव एक लाख बारा हजार का लावले याचा ईमेलशिवाय दुसरा कागदच नसेल, तर माझ्या मते तीच व्हाउचर. म्हणून २११७ च्या फोल्डरवर आज लिहिलंय: १ एप्रिल २०३० ला काढणे.

दुसरा गठ्ठा आपापसातला. टेम्पो किती वाजता येतोय, उद्या कोण रजेवर आहे, चहावाल्याचं बिल. त्या सालचं ऑडिट झालं की आणखी एक वर्ष, मग जायचं.

तिसरा जाहिराती, पोर्टलच्या सूचना, ओटीपी, आणि नोकरीसाठी आलेले अर्ज. कंप्युटरवाल्याचे नव्वद दिवस इथे वापरा, खुशाल. अर्जांबद्दल मात्र थोडं रागावून लिहिते. आमच्याकडे २०१६ पासूनचे अर्ज पडले होते. आधार कार्डाचे फोटो, पॅन, घरचे पत्ते, मुलींचे फोन नंबर. ज्यांना आम्ही नोकरी दिली नाही त्यांचे! उद्या कोणी आमचं खातं फोडलं तर त्या पोरांचं काय? २०२३ चा व्यक्तिगत माहितीचा कायदाही हेच सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसरा कोणता कायदा ठेवायला सांगत नसेल, तर पुसा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. 'सगळं ठेवा' म्हणणाऱ्यांना हे ओझं दिसत नाही.

यावर एकच अपवाद. भांडण सुरू झालं किंवा होणार असं दिसलं, की त्या कामाच्या फोल्डरवर 'थांबा' लिहायचं आणि तारीख काहीही असो, हात लावायचा नाही. जीएसटीचं अपील असेल तर निकालानंतर एक वर्ष, किंवा मूळची मुदत, यातलं जे लांबचं ते. वाद लागल्यावर कोणी ईमेल काढायला लागलं तर ते पुरावा लपवणंच दिसतं. आधीपासून लेखी नियम असेल आणि त्याप्रमाणे दरवर्षी काढत असाल, तर कोणी बोट दाखवू शकत नाही. आम्ही काय काढलं त्याची यादी, तारीख आणि सही एका साध्या वहीत ठेवतो.

आता ठेवायचं कसं. ज्या मुलावर आम्ही आळ घेतला, त्याच्या खात्यातली रिव्हिजन सी ची मूळ ईमेल गेली ती गेलीच. फाइलला तिची पीडीएफ प्रिंट होती. वकिलांनी ती बाजूला सारली आणि म्हणाले, ही कुठून आली, कधी आली, हे यावरून कसं दाखवणार? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७ वाचलं तर ते नेमकं हेच मागतं. नोंद मूळ रूपात, किंवा मूळ मजकूर अचूक दाखवता येईल अशा रूपात हवी. ती नंतर उघडून वाचता यायला हवी, आणि कुठून निघाली, कुठे पोचली, कधी, हे तिच्यातून कळायला हवं. प्रिंटमध्ये वरवरची तारीख असते. ईमेल कोणत्या सर्व्हरवरून कशी आली त्या ओळी नसतात, तिचा स्वतःचा ओळख क्रमांक नसतो, आणि अटॅचमेंटही सुटी होते. व्हॉट्सॅपवरच्या स्क्रीनशॉटचं तर नावच काढू नका.

म्हणून आता काम संपलं आणि पैसे आले, की त्या कामाच्या सगळ्या ईमेल, सगळ्यांच्या खात्यांतल्या, थंडरबर्डमधून ओढून कामाच्या फोल्डरमध्ये ठेवते. त्या `.eml` फाइल होऊन पडतात, मूळ रूपात, अटॅचमेंटसकट. संपूर्ण फोल्डरची एक झिप करते आणि तिचा हॅश काढून वहीत लिहिते:

```
certutil -hashfile 2117.zip SHA256
```

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली ईमेल कोर्टात देताना जे प्रमाणपत्र लागतं, त्यात हा हॅश लिहावा लागतो. झिपच्या दोन प्रती, एक ऑफिसात आणि एक घरी कपाटातल्या डिस्कवर. नोकरी सोडून जाणाऱ्याचं खातं, त्यातल्या ईमेल आधी उतरवून घेतल्याशिवाय बंद करायचं नाही. हे भाऊजींनी स्वतः लिहून भिंतीवर लावलंय.

शोधायचं म्हणाल तर दोन गोष्टींनी सगळ्यात फरक पडला. थंडरबर्डमध्ये खात्याचा मजकूर कंप्युटरवर उतरवून ठेवण्याचं सेटिंग चालू करावं लागतं, नाहीतर तो आतला मजकूर नीट शोधू शकत नाही. आणि अटॅचमेंटच्या आतलं तो शोधतच नाही. आमच्या निम्म्या पीओ म्हणजे scan0012.pdf नावाचे फोटो. त्यांची एक वाचता येणारी प्रत वेगळी काढून घेते, मूळ फाइलला हात न लावता:

```
ocrmypdf -l eng+mar scan0012.pdf 2117-po.pdf
```

दुसरी गोष्ट वडिलांची, आवक-जावक रजिस्टर. एका एक्सेलमध्ये प्रत्येक कामाला एक ओळ. आमचा कामाचा नंबर, त्यांचा पीओ नंबर, ड्रॉइंगचे नंबर आणि रिव्हिजन, त्यांच्याकडची माणसं, महत्त्वाच्या तारखा, आणि एक रकाना 'काय कबूल झालं, कोणत्या ईमेलमध्ये'. पैशाची किंवा ड्रॉइंगची कोणतीही कबुली आली की त्याच दिवशी ती रकान्यात जाते. शिवाय तीच ईमेल विषयात कामाचा नंबर टाकून, सगळ्यांना सीसी करून, "आपण असं कबूल केलंत, आभारी आहोत" अशा दोन ओळींसह परत पाठवायची. म्हणजे 2117 शोधलं की ती सापडणारच. दिवसाला दहा मिनिटं लागतात. दर सहा महिन्यांनी ह्यांना सांगते, एक जुनं काम निवडा. दहा मिनिटांत त्याची रिव्हिजन मंजुरी काढून दाखवता आली नाही, तर आमची व्यवस्था नापास. एकदा झालीये नापास. नव्या मुलाने रकाना भरायचा सोडला होता.

या सगळ्याला मर्यादा आहे, फोनवर ठरलेलं यात येत नाही. त्याला उपाय एकच, फोन ठेवला की तीच दोन ओळींची ईमेल.

एक बाराचं पुढे काय झालं? फेब्रुवारीत वकिलांनी २९ मार्चच्या ईमेलसकट नोटीस पाठवली. गिऱ्हाइकाने व्याज सोडून पूर्ण रक्कम दिली. इंजिनियरची मूळ ईमेल हातात असती तर व्याजही मागता आलं असतं, असं वकील म्हणाले.

त्या मुलाला भाऊजींनी स्वतः फोन केला. काय बोलले मला माहीत नाही, खोलीचं दार लावून बोलले. पण तो दिवाळीला पेढे घेऊन घरी आला होता, तेव्हा मला म्हणाला, "ताई, मी तेव्हाच लिहून घेतलं होतं हो." मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. त्याने नीट लिहून घेतलं होतं, आणि ते लिहिलेलं आम्ही महिन्याच्या थोड्या पैशांसाठी पुसलं होतं.

असो. या ३१ मार्चला आमच्याकडचा पहिला 'सहावा गठ्ठा' निघाला, यादी करून, सही करून. पुतण्याला साक्षीदार म्हणून बसवलं होतं. बटण त्यानेच दाबलं, थोडं कुरकुरत.

तुमच्या ऑफिसात हे कोण ठरवतं, की कोणीच नाही? जरूर कळवा.